गोष्ट: बावीस नंबरची मोटार

कापूसकोंडा

आयटीआयच्या अप्रेंटिस पोरांना वाचायला द्यावी म्हणून ही छोटी गोष्ट लिहिली आहे. परभणी जिल्ह्यातली एक सूतगिरणी, माणसं काल्पनिक. भाषेचं काय ते बघून घेऊ, पण मोटारीचे आकडे एकमेकांशी जुळले पाहिजेत. कुठे चुकलं असेल तर बिनधास्त सांगा.

मे महिना. बाहेर ४३, आणि रिंग फ्रेम खात्यात ह्युमिडिफिकेशन चालू असूनही ३६. बावीस नंबरच्या फ्रेमची मोटार तापत होती. ३७ किलोवॉट, चार पोल. नेमप्लेटवर ४१५ व्होल्ट डेल्टा, ६५ अँपिअर, १४७५ आरपीएम. कॉप भरत आली की बॉडीवर टेंपरेचर गन ९१ दाखवायची. शेजारच्या एकवीस नंबरला तीच मोटार, तोच तीसचा काउंट, आणि बॉडी ६४.

करायचं ते सगळं करून झालं होतं. फॅन कव्हरमधली रुई काढली, फिन्समधला कचरा हवेनं उडवला, बेअरिंगला ग्रीस दिलं, बेल्टचा ताण सैल करून पाहिला. तिन्ही फेजचे व्होल्ट ४०८, ४१०, ४०९. पॅनेलच्या अँमीटरवर तिन्ही फेजला ४८. शेवटी मोटार काढून रिवाइंडिंगला दिली आणि स्टोअरमधली स्पेअर बसवली. ती पण तापली. मग दोन्ही मोटारींसाठी वाइंडरनंच शिव्या खाल्ल्या, कारण स्पेअरही त्यानंच भरलेली होती.

साहेबांनी बेल्ट काढून मोटार नुसती फिरवायला लावली. तासभर फिरली, हाताला कोमट. अँमीटरवर ८ अँपिअर.

"मोटार ठणठणीत आहे," साहेब म्हणाले. "फ्रेमच जड चालायलीय. उद्या ड्राफ्टिंगचं हेडस्टॉक उघडा."

अप्रेंटिस बालाजी बाजूला वही घेऊन उभा होता. साहेब गेल्यावर तो रहीमचाचांना म्हणाला, "चाचा, फ्रेम जड असती तर अँपिअर वाढले नसते का? एकवीसला ४७ आहेत, हिला ४८. मग हीच काहून तापायली?"

चाचांनी उत्तर दिलं नाही. ते त्या ८ अँपिअरकडंच बघत होते. "पासष्टची मोटार रिकामी फिरताना आठ घेती? लईच गुणाची दिसायली. एकवीसचा डॉफ झाला की तिचे बेल्ट काढ."

एकवीस रिकामी फिरवली. २३ अँपिअर.

तेवढ्यात जॉबर मारुतीमामा आले. "बेल्ट काढायलाव का बसवायलाव? ही बावीस आधीच डॉफला चार-पाच मिनिटं मागं राहायलीय. डॉफर पोरी तिच्यासाठी थांबून राहतेत."

"कवापासून?"

"महिना झाला आसंल."

दोन्ही फ्रेमना बेल्ट चढवले. बावीस चालू करताना बालाजी पॅनेलजवळच होता. "चाचा, एकवीसच्या पॅनेलमधी दोनदा खटका वाजला. सुरुवातीला एक आन् नंतर एक. हिच्यात एकदाच."

चाचांनी त्याच्या हातात टॅकोमीटर दिला. कॉप भरत आल्यावर एकवीस १४८२, बावीस १४४०. मग टाँगटेस्टर घेतला. पॅनेलचं दार उघडायचं म्हणून हातमोजे घातले आणि पोराला एक पाऊल मागं उभं केलं. एकवीसची येणारी लाइन ४७, आणि मोटारीकडं जाणाऱ्या सहा वायरींपैकी एक धरली तर २७. बावीसची लाइन ४८, आणि मोटारीकडं जाणारी वायर? तीही ४८.

"लिही," चाचा म्हणाले. "लाइनीत आन् वाइंडिंगमधी एकच करंट. म्हंजे मोटार अजून स्टारमधीच हाय. नेमप्लेटचे ६५ लाइनीचे. डेल्टात एका वाइंडिंगच्या वाट्याला साडेसदतीसच येतेत. आपण तिच्यातून ४८ काढायलोय, आन् अँमीटर म्हणतंय समदं बरं हाय."

फ्रेम थांबवली, आयसोलेटर पाडून कुलूप लावलं. टाइमरच्या ए-१ टर्मिनलमधली वायर स्क्रूखाली नुसती टेकलेली होती, ओढली तशी हातात आली. टाइमरला सप्लायच नव्हता. तो वेळ मोजत नव्हता, म्हणून स्टारचा कॉन्टॅक्टर सुटत नव्हता आणि डेल्टाचा लागत नव्हता. पॅनेलवरचा डेल्टाचा दिवा कधीचा गेलेला, त्यामुळं कुणाच्या ध्यानात आलं नाही.

वायर नव्यानं सोलून, लग लावून आवळली. फ्रेम चालू केली. खट. दहा सेकंदांनी पुन्हा खट. पुढच्या डॉफच्या शेवटी लाइन ४८, वाइंडिंग २८, वेग १४८२, बॉडी ६३.

हेडस्टॉक उघडायचं काम रद्द झालं. वाइंडरला फोन करायचं मात्र कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

मधल्या आळीतला

गोष्ट आवडली, पण मुद्द्यातच घोळ आहे. स्टारमध्ये लाइन करंट डेल्टाच्या एक तृतीयांश होतो हे दहावी नापास वायरमनलाही माहीत असतं. डेल्टात ४८ येत असतील तर स्टारमध्ये १६ यायला हवेत. दोन्हीकडे ४८ दाखवलेत, म्हणजे आकडे जुळवून घेतलेले दिसतात.

चारपोल

आळीकर, एक तृतीयांशचा नियम खरा आहे, पण तो मोटार उभी असतानाचा. स्टार्ट करताना रोटर थांबलेला असतो, वाइंडिंगला व्होल्टेज कमी मिळालं की करंट त्याच प्रमाणात कमी होतो, म्हणून एक तृतीयांश. एकदा फ्रेम फिरायला लागली की हिशेब बदलतो. १२०० चात्या फिरवायला जी ताकद लागते ती लागतेच. मोटार स्टारमध्ये आहे की डेल्टात याच्याशी फ्रेमला देणंघेणं नाही. कमी व्होल्टेजवर तेवढीच ताकद द्यायची तर मोटार थोडी मागे सरते, घसर वाढते, आणि लागेल तेवढा करंट ओढते.

या मोटारीवर ७० टक्के लोड धरा, म्हणजे साधारण २६ किलोवॉट. डेल्टात लाइनीला ४७-४८ येतात. स्टारमध्ये त्याच लोडला पॉवर फॅक्टर सुधारतो आणि एफिशियन्सी घसरते, बेरीज-वजाबाकी होऊन लाइन करंट पुन्हा ४८ च्या आसपासच येतो. लोड ५० टक्क्यांच्या खाली असता तर स्टारमध्ये अँमीटर स्पष्ट कमी दिसला असता. दोन्ही आकडे इतके जवळ यावेत हा या लोडचा योगायोग आहे. पण बरोबर याच योगायोगामुळे साहेब फसले, त्यामुळे लेखकाने तो बदलू नये.

आता उष्णता बघा. डेल्टात वाइंडिंगमधून २८ जात होते, स्टारमध्ये ४८. तांब्यातली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे जवळजवळ तिप्पट. नेमप्लेटच्या साडेसदतीसशी ताडलं तरी दीडपटीहून जास्त. रोटरचं वेगळंच. १५०० पासून १४८२ म्हणजे १८ ची घसर, १४४० म्हणजे ६० ची. रोटरमधली उष्णता घसरीच्या प्रमाणात असते, म्हणजे तिथेही तिपटीहून जास्त, अकराशे वॉटच्या घरात. ती शाफ्टवाटे बेअरिंगकडे जाते. म्हणून अशा मोटारीचं ग्रीस पातळ होऊन गळतं आणि लोक बेअरिंगला दोष देतात.

रिकाम्या मोटारीचे ८ अँपिअर ही गोष्टीतली सर्वांत चांगली खूण आहे. चार पोलच्या या मापाच्या मोटारीला रिकामी असताना नेमप्लेटच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास करंट लागतो. आळीकरांचा एक तृतीयांश इथे मात्र लागू पडतो. २३ चे ८.

मधल्या आळीतला

रिकामी असताना लागू, लोडवर नाही. बरं, मान्य. पण मग अशी मोटार थांबत कशी नाही? टॉर्कही एक तृतीयांश होतो ना?

चारपोल

जास्तीत जास्त टॉर्क एक तृतीयांश होतो. ही मोटार डेल्टात रेटेड टॉर्कच्या पावणेतीनपट ओढू शकते असं धरलं तर स्टारमध्ये ९० टक्क्यांच्या आसपास ओढेल. लोड ७०. म्हणजे काठावर आहे पण चालते. मोटार मोठी घेण्याची गिरण्यांची सवय इथे नडली. लोड ९५ टक्के असता तर पहिल्याच दिवशी फ्रेम ओढली गेली नसती आणि टाइमर अर्ध्या तासात सापडला असता.

गिरणवाला अहमदपूर

आमच्या पिठाच्या गिरणीची १० एचपीची मोटार अशीच तापते. रिवाइंड केल्यापासून जास्त. तिला टाइमर कुठं असतो? स्टार्टर उघडून बघितला, त्यात एकच कॉन्टॅक्टर आहे.

चारपोल

गिरणवाले, तुमचा डायरेक्ट स्टार्टर आहे, त्यात टाइमर नसतोच. पण तुमच्या मोटारीला हाच आजार वेगळ्या वाटेने झालेला असू शकतो. मेन स्विच बंद करा, टेस्टरने खात्री करा, मग मोटारीचा टर्मिनल बॉक्स उघडा. सहा बोल्टवर पितळी पट्ट्या असतील. तीन पट्ट्या उभ्या, समांतर असतील तर डेल्टा. एका ओळीतले तिन्ही बोल्ट आडव्या पट्टीने जोडलेले असतील तर स्टार. नेमप्लेटवर ४१५ डेल्टा लिहिलेलं असेल आणि पट्टी आडवी असेल तर वाइंडरने परत जोडताना चूक केली. दळण टाकल्यावर तापणार आणि रिकामी असताना थंड राहणार.

पण नेमप्लेट वाचल्याशिवाय पट्ट्या बदलू नका. लहान मोटारी बऱ्याचदा ४१५ स्टारसाठीच बनवलेल्या असतात. तशी मोटार डेल्टात जोडली तर रिकामी असतानाच गुरगुरेल आणि बघता बघता जळेल.

गिरणवाला अहमदपूर

नेमप्लेटवर रंग मारलाय. खरवडून बघतो.

रिंगखाते

स्पिनिंगच्या बाजूने दोन गोष्टी.

पहिली, कॉपची. रिकाम्या बॉबिनवर सुरुवात होते तेव्हा फ्रेम हलकी असते. सूत चढत जातं तसं वजन आणि हवेचा अडथळा वाढतो, डॉफच्या शेवटी मोटारीवर सर्वांत जास्त लोड. लेखकाने ४८ हा एकच आकडा दिलाय, तो शेवटचा समजतो. सुरुवातीला याच मोटारीवर ३५-३६ असायला हवेत. म्हणजे डॉफच्या सुरुवातीला वाइंडिंग साडेसदतीसच्या आतच राहतं आणि नंतर हद्द ओलांडतं. सकाळी राउंडला जाणारा माणूस जर नेमका डॉफ झाल्या झाल्या करंट मोजत असेल तर त्याला ही मोटार कायम बरी दिसेल. रीडिंग कॉपच्या कोणत्या टप्प्यावर घेतलं ते वहीत लिहायलाच हवं. एकवीस आणि बावीसची तुलना त्याशिवाय करताच येत नाही.

दुसरी, मारुतीमामांची तक्रार अगदी बरोबर बेतली आहे. १४८२ चे १४४० म्हणजे तीन टक्क्यांच्या आसपास. अडीच तासांच्या डॉफला साडेचार मिनिटं. मात्र क्वालिटी लॅबकडून एक चकार शब्द येणार नाही. अशा जुन्या फ्रेमवर फ्रंट रोलर आणि चात्या एकाच मोटारीवर गिअरने जोडलेल्या असतात, दोन्ही एकदमच मंदावतात, म्हणून पीळ तोच राहतो, काउंट तोच राहतो. उलट वेग कमी म्हणून तुटी थोड्या कमीच दिसतील. सगळे कागद चांगले आणि फक्त उत्पादन तीन टक्के कमी, अशा फ्रेमवर मेंटेनन्सवाल्याला कोण बोलावणार?

बाकी, नव्या फ्रेम इन्व्हर्टरवर चालतात, त्यात स्टार-डेल्टा नसतोच. गोष्ट जुन्या फ्रेमची आहे हे एका ओळीत सांगा, नाहीतर पोरं इन्व्हर्टरच्या पॅनेलमध्ये टाइमर शोधत बसतील.

व्होल्टकरी

माझ्या मते मूळ कारण व्होल्टेज. मे महिन्यात आपल्याकडे दुपारी व्होल्टेज पडतं आणि तेवढ्याच लोडला मोटार जास्त करंट ओढते. ४०८ म्हणजे कमीच. टाइमर ही नंतरची गोष्ट.

चारपोल

व्होल्टेज पडलं की लोडवरच्या मोटारीचा करंट वाढतो, हे बरोबर. पण ४१५ च्या जागी ४०८ हा दोन टक्क्यांचाही फरक नाही. शिवाय एकवीस आणि बावीस एकाच बसबारवर आहेत, व्होल्टेज पडलं तर दोन्ही तापतील. गंमत अशी की तुमचा तर्क चुकीच्या ठिकाणी मोजल्यामुळे चुकतोय. या मोटारीच्या वाइंडिंगला खरंच कमी व्होल्टेज मिळत होतं, ४०८ च्या जागी साधारण २३६. फक्त ते लाइन टू लाइन मोजून दिसत नाही, वाइंडिंगच्या दोन टोकांमध्ये मोजावं लागतं.

धूळपाटी

मला रिलेबद्दल विचारायचं आहे. एवढं तापूनही ओव्हरलोड रिले कसा पडला नाही? बहुतेक ६५ वर लावला असेल. ५० वर आणून ठेवला असता तर मोटार वाचली असती.

चारपोल

धूळपाटी, निम्मं बरोबर. ६५ वर लावलेला असणार हे नक्की, पण ५० वर आणून काही होत नाही. बिघाडात ४८, आणि चांगल्या स्थितीतही ४८. लाइनीत बसलेल्या रिलेला या दोन्हींतला फरक कळूच शकत नाही, तुम्ही डायल कुठेही फिरवा.

प्रश्न रिले कुठे बसवलाय हा आहे. मेन कॉन्टॅक्टरच्या खाली, मोटारीच्या पहिल्या तीन वायरींवर बसवला तर त्यातून वाइंडिंगचा करंट जातो. तिथे सेटिंग ६५ गुणिले ०.५८, म्हणजे ३८ च्या जवळ. डेल्टात २८ जातील, निवांत. स्टारमध्ये अडकली तर कॉप भरता भरता ४८ जातील, म्हणजे सेटिंगच्या सव्वापटीहून जास्त. थर्मल रिले १.२ पटीला दोन तासांच्या आत पडलाच पाहिजे असं मानक आहे. हा त्याच्याही आधी, बहुधा डॉफच्या शेवटच्या भागात पडेल.

पुढे काय होतं तेही सांगून ठेवतो. नेमप्लेटवर ६५ आणि रिले ३८ वर, हे पाहून एखादा हुशार माणूस म्हणतो, "रिले चुकीचा लावलाय, म्हणून ट्रिप होतो," आणि डायल पूर्ण वर फिरवतो. म्हणून पॅनेलच्या दाराच्या आतून रंगाने लिहून ठेवावं: रिले वाइंडिंगमध्ये आहे, सेटिंग ३८.

कापूसकोंडा

रिलेचा मुद्दा गोष्टीत आलाच नव्हता, तो घालतो. रिले लाइनीत होता आणि ६५ वर होता, एवढं चाचांच्या तोंडी देतो. जुन्या फ्रेमचा उल्लेखही करतो. डॉफच्या सुरुवातीचा आकडा ३६ लिहितो.

वीजबिल

एक उलटा प्रश्न. मोटारी मुद्दाम स्टारमध्ये चालवून वीज वाचवणारी पॅनेल विकायला येतात. लोड कमी असेल तर आपोआप स्टारमध्ये टाकतात. ती फसवी म्हणायची का? या गोष्टीनंतर तर कुणी घेणार नाही.

चारपोल

फसवी नाहीत. लोड ३०-४० टक्क्यांच्या खाली असेल तर स्टारमध्ये लोखंडातली उष्णता आणि मॅग्नेटायझिंग करंट इतके घटतात की एकूण तोटा खरंच कमी होतो. त्यावर गेलं की तांबं आणि रोटर ती बचत खाऊन टाकतात. रिंग फ्रेमला ते पॅनेल निरुपयोगी, कारण तिचा लोड डॉफभर ५५ ते ७० मध्येच राहतो.

रिंगखाते

ब्लो रूमच्या काही मोटारी बराच वेळ हलक्या चालतात, तिथे विचार करता येईल.

वीजबिल

पण लोड वर-खाली झाला की ते पॅनेल सारखं स्टार-डेल्टा करत राहणार. प्रत्येक बदलाला करंटचा झटका, कॉन्टॅक्टरची झीज. बचत त्यातच जात नसेल कशावरून?

रिंगखाते

मोजल्याशिवाय बोलण्यात अर्थ नाही. किलोवॉट-अवर मीटर लावून एक आठवडा डेल्टात, एक आठवडा त्या पॅनेलवर, आणि दोन्ही आठवडे तेच मिक्सिंग. एवढं कुणी करून बघत नाही.

धूळपाटी

आणि बावीसवर बसवलेली ती स्पेअर मोटार? तीही तशीच तापत चालली. मेगर करून चांगली आली तर तशीच ठेवायची का?

चारपोल

मेगर फक्त वाइंडिंग आणि बॉडीमधलं इन्सुलेशन सांगतं. वळ्या-वळ्यांमधलं वार्निश भाजलंय का, ते त्यात दिसत नाही. ९१ हे बाहेरचं माप, आतलं रेझिस्टन्सवरून काढतात. समजा एका वाइंडिंगची दोन्ही टोकं सोडवून थंडीत ३२ अंशांना ०.१९० ओम मिळाले, आणि तापलेली असताना थांबवून लगेच मोजल्यावर ०.२५८. तांब्यासाठी २३४.५ अधिक ३२ म्हणजे २६६.५, त्याला ०.२५८ भागिले ०.१९० ने गुणायचं आणि २३४.५ वजा करायचं. १२७-१२८ अंश येतात. ही सरासरी, सर्वांत तापलेली जागा आणखी दहा-पंधराने वर. साध्या मल्टिमीटरने हे जमणार नाही, चार वायरींचा मिलिओहम मीटर लागतो.

एफ क्लासचं इन्सुलेशन असेल तर १५५ ची मर्यादा, चालून जाईल. बी क्लासचं असेल तर १३०, म्हणजे आयुष्य बरंच खर्ची पडलं.

धूळपाटी

नेमप्लेटवर एफ लिहिलेलं असतं ना.

रिंगखाते

कारखान्यातून आली तेव्हाचं ते. रिवाइंड करताना वाइंडरने कुठला कागद आणि कुठलं वार्निश घातलं, हे नेमप्लेट सांगत नाही. मी असतो तर ती मोटार स्टोअरला पाठवून सर्ज टेस्ट करून घेतली असती.

चारपोल

मी तिथेच ठेवली असती. वाइंडिंगमध्ये आता २८ च जातायत, रेटेडच्या तीन चतुर्थांश. काढण्या-बसवण्यात अलाइनमेंट बिघडायचा धोका जास्त.

गिरणवाला अहमदपूर

रंग खरवडला. ४१५ व्होल्ट, डेल्टा, १४.५ अँपिअर. बॉक्समध्ये पट्टी आडवी आहे. आता बदलू का?

चारपोल

बदला. मेन बंद करून. तीन उभ्या पट्ट्या, नट-वॉशर नीट आवळून. त्याआधी रिकामी असताना करंट किती येतो ते टाँगटेस्टरने लिहून ठेवा, नंतर परत मोजा आणि दोन्ही आकडे इथे टाका.